डेल्फीमध्ये ८० टक्के म्हणजे कोणाचे ८० टक्के?

प्रश्न : सायकियाट्रिक इमर्जन्सीसाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर वापरता येतील अशा मार्गदर्शक सूचना प्रबंधासाठी डेल्फी पद्धतीने, म्हणजे तज्ज्ञांना फेऱ्याफेऱ्यांनी प्रश्नावल्या पाठवून त्यांची सहमती मोजत, करायच्या आहेत. पॅनेलवर किती आणि कोणते तज्ज्ञ घ्यावेत? सहमतीची मर्यादा ७० टक्के धरावी की ८०?

उत्तर :

तुमच्या दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे नाहीत. पॅनेल ठरवले की टक्केवारीचा अर्थ ठरतो, आणि पॅनेल ठरवण्याआधी ७० की ८० यावर वाद घालणे हा वेळेचा अपव्यय आहे. मी समाजवैद्यक विभागात काम करते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका संस्थेने अशाच सूचना तयार केल्या तेव्हा प्रश्नावल्या पाठवणे, उत्तरे जमवणे आणि आकडेमोड करणे हे काम माझ्याकडे होते. त्या कामात एका विधानाचे जे झाले ते येथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रबंधातही तेच होण्याची मला दाट शक्यता दिसते.

पॅनेलवर २४ जण होते : १३ मनोविकारतज्ज्ञ, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील ७ वैद्यकीय अधिकारी म्हणजे एम.ओ., आणि कॅज्युअल्टीत काम केलेल्या ४ परिचारिका. ही विभागणी विचारपूर्वक झाली होती असे म्हणता येणार नाही. प्रकल्पप्रमुख असलेल्या सरांचा मुळात एम.ओ. घेण्यालाच विरोध होता. ‘डेल्फी म्हणजे तज्ज्ञांचे मत. एम.बी.बी.एस. झालेला मुलगा मनोविकाराचा तज्ज्ञ कसा?’ असे त्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे, की या सूचना ज्याने रात्री अडीच वाजता वापरायच्या आहेत, तो त्या परिस्थितीचा तज्ज्ञ आहे, भले त्याच्याकडे त्या विषयाची पदवी नसो. शेवटी तडजोड म्हणून सात जण घेतले, आणि मोजणी मात्र सगळ्यांची एकत्र करायची असे ठरले. मी तेव्हाच लेखी हरकत नोंदवली होती.

पहिली फेरी खुली होती. ‘आक्रमक किंवा भ्रमिष्ट अवस्थेतील रुग्ण आणल्यावर पहिल्या तासात तुम्ही काय करता आणि कोठे अडता’ एवढेच विचारले होते. या फेरीत मिश्र पॅनेलचे मोल दिसले. एका एम.ओ.ने लिहिले की त्याच्याकडे येणारे सर्वांत अवघड रुग्ण ‘वेडाचे’ नसतातच. फवारणीचे औषध प्यायलेल्या माणसाला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन सुरू केलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी तो अंथरूण चाचपू लागतो, हवेत काहीतरी पकडू लागतो, सलाईन उपटून पळू पाहतो. नातेवाईक म्हणतात डोक्यावर परिणाम झाला, सिस्टर म्हणतात दारू सुटल्यामुळे झाले असेल, आणि कोणीतरी त्याला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझीनचे इंजेक्शन देऊन मोकळे होते. प्रत्यक्षात त्वचा कोरडी आणि गरम असते, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, नाडी धावत असते आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ नसतो. हे अ‍ॅट्रोपीनच जास्त झाल्याचे लक्षण असते. प्रोमेथाझीनचा परिणाम त्याच दिशेचा असल्यामुळे ते दिल्याने आगीत तेल पडते. अ‍ॅट्रोपीन थांबवणे किंवा कमी करणे आणि शांत करण्यासाठी बेंझोडायझेपीन गटातील औषध वापरणे हा मार्ग आहे. तेरा मनोविकारतज्ज्ञांपैकी एकानेही हा मुद्दा आपणहून मांडला नव्हता. त्यांचे ज्ञान कमी होते असे मुळीच नाही. त्यांच्याकडे हा रुग्ण येतो तेव्हा विषबाधेचा टप्पा संपलेला असतो, एवढेच त्याचे कारण.

दुसऱ्या फेरीत खुल्या उत्तरांतून तयार केलेली विधाने १ ते ९ या मोजपट्टीवर तोलायला दिली. ७, ८ किंवा ९ गुण म्हणजे सहमती. ८० टक्के सदस्यांनी सहमती दिली तर विधान स्वीकारायचे, ७० ते ८० च्या दरम्यान राहिले तर पुढच्या फेरीत पुन्हा विचारायचे, त्याखाली गेले तर वगळायचे. इथवर सगळे रीतसर होते.

त्यातले एक विधान असे होते : ‘ईसीजी पाहिल्याशिवाय हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देऊ नये.’ विधान निराधार नाही. हॅलोपेरिडॉलमुळे हृदयाच्या विद्युत आलेखातील क्यूटी अंतर वाढते आणि क्वचित जीवघेणी लय निर्माण होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही ईसीजी काढलेला नसेल तर हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझीन टाळून स्नायूत लोराझेपामचे इंजेक्शन द्यावे असे म्हटले आहे. पण लोराझेपामचे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावे लागते, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात लसींचा फ्रीज सांभाळण्याचीच कसरत चालते तेथे ते असेलच याची खात्री कोणी देत नाही. शिवाय हातपाय झाडणाऱ्या, चौघांना न आवरणाऱ्या माणसाच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावायच्या कशा, हा प्रश्न उरतोच. त्याला आधी शांत करावे तेव्हा ईसीजी निघणार, आणि ईसीजी निघेल तेव्हा शांत करण्याचे औषध द्यायचे.

दुसऱ्या फेरीत या विधानाला मनोविकारतज्ज्ञांपैकी १३ पैकी १२, परिचारिकांपैकी ४ पैकी ४ आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी ७ पैकी फक्त २ जणांनी सहमती दिली. एकूण २४ पैकी १८, म्हणजे ७५ टक्के. नियमाप्रमाणे विधान तिसऱ्या फेरीत गेले. तिसऱ्या फेरीत निकाल आला ८६ टक्के, आणि विधान स्वीकारले गेले. बैठकीत सरांनी समाधानाने सांगितले की चर्चेतून मते जवळ आली, डेल्फीचा हाच तर फायदा.

एकाही माणसाचे मत बदलले नव्हते. असहमती दर्शवणाऱ्या पाच एम.ओं.पैकी तिघांनी तिसरी प्रश्नावली परत पाठवलीच नाही. सहमत लोक तेच १८ राहिले, भागाकाराचा खालचा आकडा मात्र २४ वरून २१ वर आला, आणि १८ भागिले २१ म्हणजे ८६ टक्के. विरोधक उठून गेले म्हणून ठराव मंजूर झाला. ग्रामपंचायतीच्या सभेत हे चालते हे आपल्याला ठाऊक आहे, पण तिला कोणी शास्त्रीय पद्धत म्हणत नाही.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे, आणि तुम्ही पर्यवेक्षकांना न विचारताही ती वापरू शकता. शेवटच्या फेरीत जे उरले, फक्त त्यांचीच आधीच्या फेरीतील उत्तरे काढून पाहा. आमच्या बाबतीत त्या २१ जणांची दुसऱ्या फेरीतील सहमतीही १८, म्हणजे ८६ टक्केच होती. अर्थात दोन फेऱ्यांमध्ये हलले ते पॅनेल, मत नव्हे. मी हा तक्ता बैठकीत ठेवला. त्यावर ‘गळती प्रत्येक डेल्फीत होते’ असे उत्तर मिळाले. गळती होते हे खरे आहे, पण ती सगळ्या गटांतून सारखी होते की एकाच मताच्या लोकांची होते, हा मुख्य प्रश्न आहे, आणि तो त्या बैठकीत विचारू दिला गेला नाही.

गळतीचे कारण मला नंतर कळले. त्या तिघांपैकी एकाला मी स्मरणपत्र म्हणून फोन केला होता. तो म्हणाला, ‘मॅडम, मी मागच्या वेळी अर्धं पान लिहून कारण दिलं होतं की रात्री आमच्याकडं ईसीजी टेक्निशियन नसतो. तुम्ही परत पाठवलेल्या कागदावर ते कुठंच नाही. नुसता आकडा पाठवला. मग मी परत कशाला भरू?’ त्याचे म्हणणे शंभर टक्के रास्त होते. पुढच्या फेरीसोबत प्रत्येक विधानाचा मध्यक, गुणांची विभागणी आणि असहमत सदस्यांची कारणे, नावे वगळून, द्यावीत असा मसुदा मी केला होता. टिप्पण्यांमुळे कागद लांबतो म्हणून तो भाग सरांनी काढायला लावला. नियंत्रित प्रत्याभरण, म्हणजे गटाची उत्तरे आणि कारणे सदस्यांना परत कळवणे, हा डेल्फीच्या चार खांबांपैकी एक आहे, बाकीचे तीन म्हणजे अनामिकता, पुनःपुन्हा फेऱ्या आणि गटाच्या उत्तराची आकडेवारी. कारणे काढून टाकून फक्त सरासरी परत पाठवली तर माणसाला एवढेच कळते की आपण अल्पमतात आहोत. मग तो एकतर शरण जातो, नाहीतर निघून जातो.

अनामिकतेचीही गत फारशी वेगळी नव्हती. आपल्याकडे एका विभागातील मनोविकारतज्ज्ञांपैकी निम्मे एकमेकांचे विद्यार्थी असतात, म्हणूनच तर अनामिकता हवी. पण मधल्या काळात कोणीतरी ‘समन्वयासाठी’ पॅनेलचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आणि त्यावर एका ज्येष्ठांनी ‘ईसीजीशिवाय हॅलोपेरिडॉल म्हणजे गुन्हा आहे’ असे टाकल्यावर खाली अंगठ्यांची रांग लागली. पॅनेलवर कोण आहे हे फक्त समन्वयकाला माहीत असावे. तुम्ही एवढे एक पाळले तरी पुष्कळ झाले.

सूचना छापल्या गेल्या, लॅमिनेट करून कॅज्युअल्टीच्या भिंतींवर लागल्या. परिणाम असा झाला की जो एम.ओ. पूर्वी श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहून, जवळ ऑक्सिजन ठेवून इंजेक्शन देत असे, तो आता देईना. ‘भिंतीवर लिहिलेले आहे, उद्या काही झाले तर चौकशीत मलाच विचारतील’ हे त्याचे कारण होते, आणि ते खोडून काढता येण्यासारखे नव्हते. रुग्ण कोणतेही औषध न देता १०८ मध्ये घालून मेडिकल कॉलेजकडे रवाना होऊ लागला. दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर त्याला धरून ठेवायला कोणी नसल्यामुळे नातेवाईक ओढणीने किंवा दोरीने हात बांधत. एका सकाळी मी स्वतः कॅज्युअल्टीत असा माणूस उतरवून घेताना पाहिला. मनगटाभोवती सुंभाचा वळ उमटलेला होता, हाताचा पंजा सुजून निळसर पडला होता आणि गाठ इतकी घट्ट बसली होती की वॉर्डबॉय मामांनी ती ड्रेसिंगच्या कात्रीने कापली. सुरक्षिततेसाठी केलेल्या विधानाने त्या माणसाला नेमका किती सुरक्षित केला, हे ज्यांनी १२ मते दिली त्यांना दाखवण्याची माझी फार इच्छा होती.

या विधानाचे काय करायला हवे होते? ते दोन विधानांत तोडायला हवे होते. पहिले : ईसीजी यंत्र आणि ते चालवणारा माणूस उपलब्ध असेल आणि रुग्ण तेवढे सहकार्य करत असेल, तर आधी ईसीजी काढावा. दुसरे : तसे नसेल तर कोणते औषध, कोणती किमान देखरेख ठेवून द्यावे आणि रुग्ण शांत झाल्यावर किती वेळात ईसीजी काढावा. ७० ते ८० मध्ये अडकलेले विधान जसेच्या तसे पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो. ते अडकले आहे याचा अर्थ बहुतेक वेळा एका वाक्यात दोन परिस्थिती कोंबल्या आहेत एवढाच असतो, आणि कोणत्या दोन, हे असहमतांच्या टिप्पण्यांत लिहिलेले असते.

आता तुमच्या आकड्यांकडे. पॅनेल किती मोठे असावे याला पवित्र संख्या नाही. रँड/यूसीएलए पद्धतीत साधारण नऊ जणांचे पॅनेल असते, इतरत्र पन्नास-शंभरही असतात. तुमच्या कामाला प्रत्येक गटात निदान दहा-बारा जण असावेत असे माझे मत आहे, आणि गट निदान तीन असावेत : मनोविकारतज्ज्ञ, तालुका पातळीवरील वैद्यकीय अधिकारी, आणि परिचारिका. चौथा गट म्हणून अशा अवस्थेतून गेलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक घेता आले तर उत्तम. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक प्रथमोपचाराच्या सूचना करताना रुग्ण, काळजीवाहक आणि व्यावसायिक यांची वेगवेगळी पॅनेले धरली आणि प्रत्येक पॅनेलमधील किमान ८० टक्क्यांची मान्यता मागितली. म्हणजे ‘एम.ओ. तज्ज्ञ कसा’ हा प्रश्न जगात केव्हाच मागे पडला आहे, काही विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये तेवढा शिल्लक आहे. निवडीचा निकष मात्र ओळखीचा नसावा, लेखी असावा. उदाहरणार्थ, मागील वर्षभरात रात्रपाळीत असे रुग्ण स्वतः हाताळलेले असणे. आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून माणसे घ्या. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत, त्यामुळे हिंगोली किंवा धाराशिवच्या एम.ओ.ला ‘पुढे पाठवा’ या दोन शब्दांचा जो अर्थ लागतो तो छत्रपती संभाजीनगरमध्ये बसून लागत नाही.

सहमतीसाठी ८० धरा. ७५ धरलेत तरी आभाळ कोसळणार नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शंभर डेल्फी अभ्यासांच्या एका आढाव्यात टक्केवारीची मर्यादा मध्यकाने ७५ च निघाली होती. महत्त्वाचे हे की ती प्रत्येक गटात स्वतंत्रपणे गाठली गेली पाहिजे, भागाकाराचा खालचा आकडा कोणता धरणार हे आधी लिहिलेले पाहिजे, आणि ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देण्याची मुभा असली पाहिजे. अ‍ॅट्रोपीनच्या विधानावर आमच्या काही मनोविकारतज्ज्ञांनी मधले ५ गुण देऊन वेळ मारून नेली, कारण तो पर्यायच नव्हता, आणि त्यांचे अज्ञान असहमती म्हणून मोजले गेले. ते विधान वगळले जाता जाता थोडक्यात बचावले.

काही गोष्टी मतदानाला टाकूच नका. कायदा हा मताचा विषय नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, त्याला साधारणपणे ७२ तासांची मर्यादा आहे, आणि त्या तरतुदीखाली ईसीटी म्हणजे विजेच्या झटक्यांचे उपचार देता येत नाहीत. रुग्णाला साखळीने बांधण्यास कलम ९५ ने बंदी आहे. यावर ९२ टक्के सहमती आली काय आणि ४० टक्के आली काय, फरक पडत नाही. तीच गोष्ट चाचण्यांनी सुटलेल्या प्रश्नांची. नुसते हॅलोपेरिडॉल द्यावे की सोबत प्रोमेथाझीन द्यावे, हे रिओ दी जानेरोतील चाचणीने २००७ मध्ये दाखवून दिले आहे. नुसत्या हॅलोपेरिडॉलच्या गटात मान आणि जबडा आखडण्याचे इतके प्रकार झाले की ती चाचणी लवकर थांबवावी लागली. आपल्याकडे वेल्लोरलाही या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. असा पुरावा असताना पंधरा जणांना ‘तुम्हाला काय वाटते’ विचारणे हा पुराव्याचा अपमान आहे. डेल्फी उरलेल्या जागेसाठी आहे : पाठवण्याआधी किती वेळ थांबावे, सोबत कोणी जावे, किमान कोणती देखरेख पुरेशी मानावी.

गटनिहाय मोजणीचा एक तोटा सांगायलाच हवा, आणि या मुद्द्यावर सर अगदीच चुकीचे नव्हते. गट लहान असेल तर एक माणूस नकाराधिकार मिळवतो. आमच्या चार परिचारिकांपैकी एकीने नाही म्हटले असते तर तो गट ७५ वर आला असता आणि ८० च्या नियमात विधान अडले असते. म्हणून गटात दहा-बारा जण हवेत असे वर म्हटले. ते जमले नाही, तर लहान गटासाठी टक्केवारीऐवजी ‘एकापेक्षा जास्त असहमत नकोत’ असा नियम करा आणि तो तसाच लिहून ठेवा.

लिहायचे कोठे, तर एथिक्स कमिटीला देण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, पहिली फेरी निघण्याआधी : गट कोणते, प्रत्येकात किती, सहमतीचे गुण कोणते, मर्यादा किती आणि कोणत्या संख्येवर, किती फेऱ्यांनंतर थांबणार, गळालेल्यांची आधीची उत्तरे कशी दाखवणार. प्रबंध लिहिताना २०२४ मध्ये आलेली ‘अकॉर्ड’ ही अहवाललेखनाची यादी समोर ठेवा. तिच्यात सहमतीची व्याख्या केव्हा ठरवली हेही सांगावे लागते, आणि तारखेसह सही घेतलेला कागद फाइलमध्ये असेल तर बैठकीत कोणालाही ती मर्यादा ऐनवेळी सरकवता येत नाही.